‘दैनंदिन कामकाज पाहणे’ खोडल्यावर काय लिहायचं? जिनिंगच्या मॅनेजरच्या बायोडेटाची दुरुस्ती

सीझन उलगला की आमच्याकडे जिनिंगवाल्यांना जरा उसंत मिळते. अशाच एका उन्हाळ्यात माझा मावसभाऊ बायोडेटा घेऊन घरी आला. हिंगणघाटच्या बाजूला, कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये तो अकरा वर्षांपासून आहे. आधी सुपरवायझर होता, आता चार वर्षांपासून ऑपरेशन्स मॅनेजर आहे. त्याला बुटीबोरी किंवा नांदगाव पेठच्या एखाद्या मोठ्या युनिटमध्ये अर्ज करायचा होता. मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात पर्सोनेलचं काम करतो, असले कागद रोज हाताखालून जातात, म्हणून तो माझ्याकडे आला.

कागदावर असं होतं:

- जिनिंग-प्रेसिंग युनिटचे दैनंदिन कामकाज पाहणे.
- मशिनरीच्या देखभालीची जबाबदारी.
- कामगारांचे व्यवस्थापन व शिफ्ट नियोजन.
- कापसाच्या गाड्यांची आवक-जावक सांभाळणे.
- वीज, सुरक्षा व इतर सर्व कामे.

मी वरच्या नावावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "आता सांग, हा कागद कोणाचा आहे?"

तो हसला. "कोणाचाही असू शकते दादा. आमच्या बाजूच्या जिनिंगवाल्याचाही हाच हाय."

अडचण तीच होती. या पाच ओळींतलं काहीही खोटं नाही, पण त्या खुर्चीच्या ओळी आहेत. खुर्चीवर कोणीही बसलं तरी त्या तशाच राहतात. आम्हाला अर्ज वाचताना हवं असतं ते हे की, हा माणूस त्या खुर्चीवर असताना तिथे काय वेगळं झालं. पुढचे दोन दिवस आम्ही त्या पाच ओळींवर बसलो. ज्या क्रमाने बसलो त्याच क्रमाने सांगतो. तुमचं काम राइस मिलचं असो, गोदामाचं असो की दूध संकलनाचं, वह्यांची नावं बदलतील, पद्धत हीच.

आधी काम केवढं मोठं ते लिहा

पहिली ओळ ‘दैनंदिन कामकाज पाहणे’. इथे कर्तृत्व शोधत बसू नका. ही ओळ आवाक्याची आहे, म्हणजे तुमच्या हाताखाली किती यंत्रं, किती माणसं, किती माल आणि किती पैसा होता हे सांगणारी. आकार कळल्याशिवाय खालच्या कुठल्याच आकड्याला वजन येत नाही. दिवसाचा अर्धा तास वाचवला म्हणजे किती, हे चार मशीनच्या जिनिंगमध्ये वेगळं आणि चोवीस मशीनच्या जिनिंगमध्ये वेगळं.

त्याला मी एकेक विचारत गेलो. जिन किती? चोवीस डबल रोलर. प्रेस एक. शिफ्ट दोन, म्हणजे सोळा तास. सीझनला गाठी किती? "चौदा हजारांच्या आसपास." हा आकडा मी मनातल्या मनात तपासला, आणि ही सवय तुम्हीही लावून घ्या. एक गाठ १७० किलो रुईची. कापसातून रुईचा उतारा ढोबळमानाने ३४ टक्के धरला, तर १०० क्विंटल कापसातून ३४ क्विंटल रुई निघते, म्हणजे बरोबर २० गाठी. एका गाठीला पाच क्विंटल कापूस. मग चौदा हजार गाठी म्हणजे सत्तर हजार क्विंटल. तेवढा कापूस त्यांच्या काट्यावर येतो का, हे त्याला लगेच सांगता आलं. येतो. आकडा बसला.

माणसं किती, यावर तो म्हणाला, "सत्तर." मी विचारलं, पेरोलवर किती? नऊ. बाकीचे एकसष्ट मुकादमाकडून. इथे बरेच जण सरसकट ‘७० कामगारांचे व्यवस्थापन’ लिहून टाकतात. मग मुलाखतीत रजा, पगारवाढ, पीएफ यांचे प्रश्न आले की गडबडतात, कारण त्या एकसष्ट जणांची ती कामं मुकादम पाहत असतो. नऊ आणि एकसष्ट वेगवेगळे लिहिले तर कागद लहान दिसत नाही, उलट खरा दिसतो. मुकादमाच्या माणसांकडून काम करवून घेणं हे वेगळं कसब आहे, आणि बुटीबोरीतल्या निम्म्या कारखान्यांना तेच हवं असतं.

एक प्रश्न लोकांना सुचतच नाही: तुमची सही किती रुपयांपर्यंत चालते? माझ्या भावाला पंचवीस हजारांपर्यंतचे सुटे भाग मालकाला न विचारता घेता येत होते. मध्यम पातळीच्या मॅनेजरची खरी पातळी पदनामापेक्षा या आकड्यावरून जास्त कळते. गावाकडच्या कारखान्यात पदनामं काय, हवी तशी मिळतात.

आकडे वह्यांमध्ये असतात, डोक्यात नसतात

"आपल्याकडे कुठं आकडे असतात? आपलं काम तं तोंडी चालते," असं तो म्हणाला. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त वह्या मोजायला लावतो. जिनिंगमध्ये निदान पाच ठिकाणी लिहिलं जातं. गेटवर आवक रजिस्टर असतं आणि त्यात गाडी आत आल्याची वेळ असते. काट्यावर काटापट्टी निघते, भरल्या गाडीच्या वजनाची आणि रिकाम्या गाडीच्या वजनाची, दोन्हींवर वेळ छापलेली. प्रेसवर गाठींचा नंबर आणि वजन लिहितात. शिफ्ट सुपरवायझर बंद-चालूची वही ठेवतो: लाइन कधी थांबली, कधी सुरू झाली, कशामुळे. आणि महावितरणचं बिल तर दर महिन्याला येतंच.

दिवाणजीला सांगून, मालकाला कल्पना देऊन, त्याने दोन सीझनच्या वह्या उघडल्या: २०२२-२३ आणि २०२३-२४. वह्या किंवा त्यांचे फोटो घरी आणायचे नाहीत, हे मी आधीच बजावलं होतं. तिथेच बसून बेरजा करायच्या आणि आपल्या वहीत फक्त बेरजा आणायच्या. भाव, गिऱ्हाइकांची नावं, शेतकऱ्यांचे चुकारे यांतलं काहीही आपल्या कागदावर येता कामा नये. जो उमेदवार जुन्या मालकाचे भाव बायोडेटात छापतो, तो उद्या आमचेही छापेल असं वाचणाऱ्याच्या मनात येतंच.

एका ओळीचा हिशेब नीट करून पाहू

‘मशिनरीच्या देखभालीची जबाबदारी.’ या ओळीवर आमचा जवळजवळ एक अख्खा दिवस गेला, आणि तो गेला हे बरंच झालं.

बंद-चालूच्या वहीप्रमाणे पहिल्या सीझनला लाइन एकूण ३०१ तास बंद होती, दुसऱ्या सीझनला १७८ तास. भाऊ खूश. मोबाइलवर भागाकार करून म्हणाला, "एकेचाळीस टक्के कमी! लिहून टाक."

मी विचारलं, या ३०१ तासांत लाइट गेल्याचे तास किती? वही परत उघडली. पहिल्या सीझनला लाइट जाणं आणि तत्सम बाहेरची कारणं मिळून ८९ तास, दुसऱ्या सीझनला ४७. लाइट कमी गेली यात त्याचं काय कर्तृत्व? ते तास वजा केले. मशिनरीच्या बिघाडाचे उरले २१२ आणि १३१. घट अडतीस टक्क्यांवर आली.

मग विचारलं, कारखाना चालला किती दिवस? पहिल्या सीझनला ११८ दिवस, दुसऱ्याला १०९. कापूस कमी आला, सीझन नऊ दिवस आधी आटोपला. कमी दिवस चालला तर बंदही कमीच राहणार. म्हणून दिवसाचा हिशेब काढला. २१२ भागिले ११८ म्हणजे १.८ तास, १३१ भागिले १०९ म्हणजे १.२ तास. दिवसाला १०८ मिनिटांवरून ७२ मिनिटं. घट तेहतीस टक्के.

एकेचाळीस, अडतीस, तेहतीस. तिन्ही आकडे एकाच वहीतून आले, पण प्रश्न विचारल्यावर टिकणारा फक्त शेवटचा. त्याला जरा वाईट वाटलं, आठ टक्के हातचे गेले म्हणून. मी म्हटलं, एकेचाळीस लिहिशील तर समोरचा पहिलाच प्रश्न विचारेल, ‘सीझन सारखाच होता का?’ आणि तिथे तू अडकशील. हंगामी धंद्यात एकूण आकडा कधीही तुलनेला घेऊ नये. तो पावसावर आणि भावावर हलतो. दिवसाला, गाठीला, गाडीला, माणसाला असा भागून घेतलेला आकडा घ्यावा.

वही कशी लिहिली जाते हेही पाहून घ्यावं लागतं. त्यांच्याकडे दहा मिनिटांच्या आतला थांबा कोणी लिहीतच नाही, आणि एखादा जिन एकटा बंद पडला तर तोही नाही. पूर्ण लाइन थांबली तरच नोंद होते. हे चालतं, अट एवढीच की दोन्ही सीझनला तीच सवय असावी. मध्येच नवा सुपरवायझर आला आणि त्याने बारीक थांबे लिहायचा कंटाळा केला, तर कागदावर सुधारणा दिसेल आणि हॉलमध्ये काहीच बदललेलं नसेल. भावाकडे दोन्ही वर्षं तेच दोघे सुपरवायझर होते. म्हणून आम्ही आकडा ठेवला.

आता खरा प्रश्न. ही छत्तीस मिनिटं वाचली कशी? आकडा एकटा उभा राहत नाही, त्याला कारण लागतं. भाऊ थोडा विचार करून बोलू लागला. पहिल्या सीझनला दोनच गोष्टी सारख्या नडत होत्या: कन्व्हेयरची बेअरिंगं जाम होणं आणि प्रेसच्या हायड्रॉलिकचे ऑइल सील जाणं. बेअरिंग गेलं की माणूस मोटारसायकलवर नागपूरला धाडायचा. जाऊन-येऊन अर्धा दिवस, तोवर लाइन बंद आणि मुकादमाची माणसं सावलीला. मग त्याने वही चाळून कोणते भाग किती वेळा गेले ते काढलं आणि असे चौदा भाग दसऱ्याच्या आत स्टोअरमध्ये आणून ठेवले. दुसरं, शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटांची ग्रीसिंगची फेरी सुरू केली आणि फेरी झाल्यावर फिटरची सही घ्यायला लागला.

"हे तू बायोडेटात का नाही लिहिलं?"

"यात काय लिहायचं? हे तं करावंच लागते."

खरं सांगायचं तर, ‘हे तं करावंच लागते’ हे वाक्य ऐकू आलं की तिथे थांबायचं. नोकरी देणाऱ्याच्या कामाची गोष्ट बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

पैशात मांडायचा मोह

पुस्तकी सल्ला सांगतो की प्रत्येक गोष्ट रुपयांत लिहा. आम्हीही करून पाहिलं. रोजची ३६ मिनिटं गुणिले १०९ दिवस म्हणजे ६५ तास. तासाला साडेआठ गाठी धरल्या तर साडेपाचशे गाठी जास्त निघाल्या, आणि गाठीमागे अमुक रुपये, म्हणजे एवढे लाख वाचवले! ऐकायला छान आहे, पण चुकीचं आहे. जिनिंगला कापूस जेवढा येतो तेवढ्याच गाठी होतात. लाइन कमी बंद पडली म्हणून शेतकऱ्याच्या घरून जास्त कापूस येत नाही. खरा फायदा हा की तोच कापूस जवळपास चार दिवस आधी उरकला, आणि त्या चार दिवसांची मजुरी व वीज वाचली. त्याचा नेमका हिशेब भावाकडे नव्हता. म्हणून रुपये लिहिलेच नाहीत, मिनिटंच ठेवली. मिनिटांतला खरा आकडा लाखांतल्या अंदाजापेक्षा जास्त वजनाचा असतो. निदान माझ्या टेबलावर तरी असतो.

उत्पादनाची ओळ मात्र याच हिशेबातून निघाली. एकूण गाठी १४,१६० वरून १३,७३४ वर उतरल्या होत्या, त्यामुळे भावाला वाटत होतं की हे लपवलेलंच बरं. दिवसांनी भागल्यावर दिसलं की रोजच्या १२० गाठींच्या जागी १२६ निघत होत्या, मशीन तीच आणि शिफ्टही त्याच. शिवाय दोन ओळी एकमेकींना साक्ष देतात. सोळा तासांतून १.८ गेले की उरतात १४.२, आणि १.२ गेले की १४.८. चालू वेळ चार टक्क्यांनी वाढला, गाठी पाच टक्क्यांनी. समोर जाणकार बसला असेल तर तो हे डोक्यात ताडून पाहतो, आणि ताळा बसला की पुढचे प्रश्न सैल होतात. उलट चालू वेळ चार टक्के आणि गाठी पंचवीस टक्के असं लिहिलं असतं तर कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला लगेच कळलं असतं.

गाड्यांची ओळ, आणि श्रेय कोणाचं

‘आवक-जावक सांभाळणे.’ जानेवारीत गेटबाहेर ट्रॅक्टर आणि मेटाडोरची रांग कुठवर जाते, हे ज्याने पाहिलंय त्याला ही ओळ किती पोकळ आहे ते कळेल. इथे मोजायची गोष्ट एकच: गाडी गेटमधून आत आली ते रिकामी होऊन काट्यावरून उतरली, यात किती वेळ गेला. दोन्ही वेळा कागदावर आहेतच.

पण सीझनच्या सगळ्या गाड्या मोजत बसायची गरज नाही. दोन्ही वर्षांचा जानेवारीचा दुसरा आठवडा घेतला, कारण गर्दी साधारण सारखी होती. एका वर्षी १८३ गाड्या, दुसऱ्या वर्षी १९०. सरासरी काढली तर पहिल्या वर्षीचा आकडा विचित्र मोठा येत होता. शोधल्यावर कळलं, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आस आवारातच तुटला होता आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच उभी होती. तिच्यासारख्या दोन-तीन गाड्या सरासरी बिघडवतात. म्हणून सगळ्या वेळा लहान ते मोठ्या अशा ओळीने लावून बरोबर मधली वेळ घेतली. आधी ३ तास ४० मिनिटं, नंतर १ तास ५५ मिनिटं. आणि बायोडेटातही ‘सरासरी’ असं न लिहिता ‘निम्म्या गाड्या एवढ्या वेळात मोकळ्या’ असं लिहिलं. ते कोणालाही समजतं.

हे झालं टोकनमुळे. सकाळी सहापासून टोकन द्यायचं, आणि काट्यावर चढण्याआधीच ओलावा तपासून ओल्या मालाची गाडी वेगळ्या ओट्याकडे वळवायची. मी विचारलं, टोकनची कल्पना तुझी? तो खरं बोलला: मालकाच्या मुलाची. ओलावा आधी तपासायचा ही मात्र त्याची, आणि रोज पहाटे गेटवर उभं राहून ते सगळं बसवलंही त्यानेच.

म्हणून क्रियापद बदललं. ‘टोकन पद्धत सुरू केली’ नाही, ‘टोकन पद्धत राबवली’. मराठीत हे शब्द जपून वापरावे लागतात. सुचवणं, सुरू करणं, राबवणं, हातभार लावणं, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. आणि ‘करण्यात आले’ हे सरकारी वळण तर पूर्ण टाळायचं. ‘टोकन पद्धत लागू करण्यात आली’ यात करणारा माणूसच गायब होतो, आणि बायोडेटा तर त्या माणसाचाच असतो.

जे आकडे आम्ही सोडले

विजेचं बिल पाहिलं तर गाठीमागचे युनिट दुसऱ्या सीझनला बरेच कमी दिसत होते. रुपये नव्हे, युनिट पाहिले, कारण दर बदलतात. मी लिहायला घेतलंही होतं. मग भावाला आठवलं की त्याच मीटरवर सरकीची ऑइल मिल आहे आणि त्या वर्षी ती दोन महिने बंद होती. खोडलं.

रुईचा उतारा ३४ वरून ३४.६ झाला होता. हेही खोडलं. उतारा बियाण्यावर, वेचणीवर, ओलाव्यावर हलतो, आणि नांदगाव पेठला कापसातला कोणी मुलाखत घेत असेल तर ‘उतारा मी वाढवला’ ऐकून तो गालात हसेल.

आगीची ओळ वेगळ्या कारणाने अवघड गेली. जिनिंगला आगीचं भय कायमच असतं. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडायला पुरतो. पहिल्या सीझनला तीन लहान आगी लागल्या, दुसऱ्याला एक. ‘आगीच्या घटना ६७ टक्क्यांनी कमी’ हे गणितात बरोबर आहे आणि वाचायला हास्यास्पद आहे. आकडे दहाच्या आत असतील तर टक्के काढू नका, सरळ ‘३ वरून १’ लिहा. त्यातही नशिबाचा भाग असतो, म्हणून आपण केलेली ठोस गोष्ट आधी लिहिली: दर पंधरा दिवसांनी दोन्ही शिफ्टसोबत आग विझवण्याचा सराव.

काही कामांना आकडा लागतच नाही. ऑफ-सीझनला सात महिने काय करता, हा प्रश्न बाहेरचा माणूस हमखास विचारतो. त्यासाठी एकच ओळ ठेवली की चोवीसही जिनचं ओव्हरहॉलिंग बाहेरचा मिस्त्री न बोलावता स्वतःच्या फिटरांकडून करून घेतलं.

वाक्य बांधताना

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचणाऱ्याला निकाल सर्वांत शेवटी भेटतो. आम्ही एका अर्जावर फार वेळ देत नाही, डोळा ओळीच्या सुरुवातीवरून खाली घसरत जातो. म्हणून काय बदललं ते आणि त्याचा आकडा ओळीच्या सुरुवातीला आणायचा, कसं केलं ते मागून. आधी कुठे होतं आणि नंतर कुठे आलं, दोन्ही टोकं लिहायची. नुसतं ‘७२ मिनिटांवर आणलं’ म्हटलं तर ते चांगलं की वाईट हे कसं कळणार? वर्षही लिहायचं. आणि जिनिंगबाहेरच्या माणसाला गाठ म्हणजे किती हे ठाऊक नसतं, ते एकदा सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद असा झाला:

- २४ डबल रोलर जिन व एका प्रेसच्या युनिटचा प्रमुख. दोन शिफ्ट, हंगामाला सुमारे १४,००० गाठी (एक गाठ १७० किलो). पेरोलवरचे ९ आणि मुकादमामार्फत ६१ कामगार. ₹२५,००० पर्यंतच्या खरेदीचा अधिकार.
- बिघाडामुळे लाइन बंद राहण्याचा वेळ दिवसाला १०८ वरून ७२ मिनिटांवर आणला (२०२२-२३ ते २०२३-२४). वारंवार जाणारे १४ सुटे भाग हंगामाआधी साठवले, दर शिफ्टला ग्रीसिंगची फेरी व फिटरची सही सुरू केली.
- रोजचं उत्पादन १२० वरून १२६ गाठींवर नेलं. मशीन व शिफ्ट त्याच.
- जानेवारीच्या गर्दीत निम्म्या गाड्या ३ तास ४० मिनिटांऐवजी १ तास ५५ मिनिटांत मोकळ्या. टोकन पद्धत राबवली. काट्याआधी ओलावा तपासणी सुरू केली.
- दर १५ दिवसांनी दोन्ही शिफ्टसोबत आग विझवण्याचा सराव. लहान आगी ३ वरून १.
- ऑफ-सीझनमध्ये सर्व २४ जिनचं ओव्हरहॉलिंग स्वतःच्या फिटरांकडून.

पाचाच्या सहा ओळी झाल्या. त्याआधीच्या सुपरवायझरच्या सात वर्षांना दोनच ओळी दिल्या, त्या पुरेत. जुनं काम जितकं मागे जाईल तितकं आखडतं घ्यायचं.

मोठ्या कंपन्या इंग्रजीतच बायोडेटा मागतात, त्यामुळे पुढे याचं इंग्रजी केलंच. तिथे एक धोका असतो. सायबर कॅफेवाला किंवा इंग्रजी बरं असलेला पुतण्या जुन्या सवयीने प्रत्येक ओळीपुढे ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ लावून देतो आणि दोन दिवसांची मेहनत परत खुर्चीच्या भाषेत जाते. भावाच्या पुतण्यानेही दोन ठिकाणी लावलंच होतं.

शेवटचं काम म्हणजे हिशेबाचा कागद. प्रत्येक आकड्याखाली तो कुठल्या वहीतून आला, कोणते दिवस धरले, काय वजा केलं, हे एका पानावर लिहून घरी ठेवायचं. हे पान अर्जासोबत जोडायचं नाही, मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचायचं. कारण दोन महिन्यांनी बोलावणं येतं तेव्हा १०८ कुठून आले हे स्वतःलाच आठवत नाही.

ऑगस्टमध्ये त्याला एका ठिकाणी बोलावलं. आत गेल्यावर तिथल्या प्लांट हेडने बायोडेटावर पेन टेकवून पहिलाच प्रश्न विचारला, "या एकशे आठ मिनिटांत लाइटीचे धरले का तुम्ही?"

"नाही सर," भाऊ म्हणाला, "ते एकोणनव्वद तास आधीच बाजूला काढले."

मग त्या गृहस्थांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाऊण तास दोघं बेअरिंगांवरच बोलत बसले.